सप्तपदीतलं एक मिनिट: जोडीदाराच्या लहान मुलाला लग्नात वचन कसं द्यावं

मी बेळगावात बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं आणि त्याच्या जोडीला लग्नांत सूत्रसंचालन करत आले. त्यामुळं माझ्याकडं अशी जोडपी येऊ लागली, ज्यांच्यातल्या एकाला आधीच्या लग्नाचं लहान मूल आहे. प्रश्न बहुतेक एकच असतो. "बाई, लग्नात पोरालाही काहीतरी बोलायचं आहे. पण काय बोलायचं आणि कधी?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. मूल साधारण तीन ते आठ वर्षांचं आहे आणि लग्न गुरुजी लावणार आहेत, असं धरून लिहिते. सत्यशोधक पद्धतीत वधूवर स्वतःच मराठीत प्रतिज्ञा घेतात, तिथं जागा शोधावी लागत नाही, त्यांच्या प्रतिज्ञेच्या शेवटी मुलाशी बोलता येतं. रजिस्टर लग्नात अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर ठरलेलं वाक्य म्हणायचं असतं, तिथं मुलासाठी थांबायला कुणाला वेळ नसतो. अशा वेळी मुलाचं वचन घरी, संध्याकाळी द्यावं.

समजावून सांगण्यासाठी एकाच लग्नाची गोष्ट घेते. मुलगा सहा वर्षांचा. त्याचे वडील वारले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आई आणि तो खानापूर तालुक्यात आजी-आजोबांकडं, म्हणजे वडिलांच्या आई-वडिलांकडं राहत होते. नवरदेव उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टनं कामाला, घर वडगावात. त्याचं हे पहिलंच लग्न.

पहिलं काम: मुलाला काय हवं आहे ते ऐकणं

वचन लिहायला बसण्याआधी दोन-तीन आठवडे नुसतं ऐकायचं. मुलाला समोर बसवून "तुला हे काका आवडतात का?" असं विचारू नका. या प्रश्नाचं खरं उत्तर सहा वर्षांचं मूल देऊ शकत नाही, ते आईचा चेहरा बघून उत्तर देतं. त्याऐवजी घर बदलण्याविषयी साध्या गोष्टी बोलाव्या आणि मूल काय विचारतं ते टिपून ठेवावं. लहान मुलाची भीती मोठ्या शब्दांत येत नाही, ती वस्तूंच्या रूपात येते.

या मुलानं आईला चार-पाच दिवसांत तीन गोष्टी विचारल्या होत्या. "वडगावच्या घरात माझी सायकल कुठं ठेवायची?" "बाबांचा फोटो आज्जीकडंच राहणार?" आणि एकदा झोपताना, "काका रागावले की मारतात का?" आईला पहिला प्रश्न किरकोळ वाटला होता. माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात महत्त्वाचा. नव्या घरात आपल्याला जागा आहे का, हेच तो विचारत होता. फक्त सहा वर्षांच्या मुलाला ते सायकलीतूनच विचारता येतं.

याच काळात नवरदेवाला मूल काय हाक मारतं, तेही पाहून घ्यावं. काका, दादा, तात्या, जे काही तोंडात बसलं असेल ते. लग्नाच्या दिवशी ते बदलायचं नाही. आपल्याकडं हळदीच्या दिवसापासूनच बायका मुलाला शिकवायला लागतात, "आता काका नाही म्हणायचं हां, पप्पा म्हणायचं." हे आधीच थांबवा, आणि सांगणारी माणसं वडीलधारी असतील तर आईनं नव्हे, नवरदेवानं त्यांना सांगावं. "मला काकाच आवडतं" असं त्यानं म्हटलं की कुणाला पुढं बोलता येत नाही.

वचन लिहिणं

नवरदेवानं पहिल्यांदा लिहून आणलेला कागद असा होता:

"आजपासून मी तुझा बाबा. तुला आयुष्यात कधीच काही कमी पडू देणार नाही. तुझ्या आईला आणि तुला कायम सुखात ठेवीन. तूही चांगला मुलगा होऊन आमचं नाव काढशील, असं मला वचन दे."

मनापासून लिहिलं होतं, वाचताना त्याचा आवाजही भरून आला होता. तरी त्यातलं एकही वाक्य आम्ही ठेवलं नाही, आणि का ते सांगते.

"आजपासून मी तुझा बाबा" यात मुलाला वेगळंच ऐकू येतं: तुझे आधीचे बाबा आजपासून संपले. ज्याला बाबांचा फक्त फोटो आणि आजीच्या गोष्टी एवढंच आठवतं, त्याच्याकडून तेही काढून घेतल्यासारखं होतं. शिवाय मांडवात त्या गेलेल्या माणसाचे आई-वडील बसलेले असतात.

"काही कमी पडू देणार नाही", "कायम सुखात ठेवीन" ही वाक्यं पाहुण्यांसाठी असतात. मुलाला ती तपासता येत नाहीत, आणि पुढं ती पाळली गेली की नाही हे नवरदेवालाही कळत नाही. लहान मुलासाठी वचन म्हणजे जे उद्या, परवा डोळ्यांना दिसेल ते.

आणि शेवटचं वाक्य तर घ्यायचंच नाही. मुलाकडून उलटं वचन मागू नका. "आईला त्रास देणार नाही", "नव्या बहिणीशी भांडणार नाही", "बाबा म्हणेन", असलं काहीही नको. लग्न मोठ्यांनी ठरवलं आहे. त्याची जबाबदारी मुलानं शंभर माणसांसमोर कबूल करायची, हे त्याच्यावर ओझं आहे. पुढं कधी तो हट्टाला पेटला की घरातलं कुणीतरी "लग्नात काय बोलला होतास?" म्हणणारच.

मग मी नवरदेवाला विचारलं, तुम्ही आत्ता त्याच्याबरोबर काय काय करता? तो म्हणाला, रविवारी भेटतो, सायकलची चेन बसवून देतो, एकदा किल्ल्याकडं फिरायला नेलं होतं. "रोज शाळेत सोडीन असं लिहू का?" म्हणून त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. शिफ्ट बदलते, पहाटे कामावर जाणारा माणूस रोज शाळेत कसा सोडणार? जे सध्याच्या आयुष्यात बसतं तेवढंच लिहायचं. पंधरा दिवसांत मोडेल असं वचन देण्यापेक्षा ते न दिलेलं बरं, कारण या वयाची मुलं बाकी सगळं विसरतात, पण "तू म्हणाला होतास" हे विसरत नाहीत.

शेवटी कागद असा झाला:

"सोन्या, मी तुझ्या आईशी लग्न करतोय. आता आपण तिघं वडगावच्या घरात राहायचं. तुझी सायकल जिन्याखाली राहील, ती जागा तुझीच. तुझ्या बाबांचा फोटो आपल्या घरात असेल, आणि त्यांच्याविषयी तुला वाटेल तेव्हा तू बोलायचंस. दर महिन्याला एका रविवारी मी तुला आज्जी-आजोबांकडं नेईन. मला राग आला तरी मी तुझ्यावर हात उगारणार नाही. तू मला काका म्हणतोस, तेच म्हण. तू आत्ता काही बोलायला नको. हे मी बोललोय, मी पाळायचं."

सावकाश वाचलं तर हे एका मिनिटाच्या आत होतं, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी तेवढंच पुरे. तीन वर्षांच्या मुलासाठी यातली दोन वाक्यं ठेवा, एक जागेचं आणि एक माणसांचं. सात-आठ वर्षांच्या मुलाला कागद आधी वाचून दाखवा. "हे वाक्य सगळ्यांसमोर नको" असं तो म्हणाला तर ते वाक्य काढा, त्यावर चर्चा नको. मारण्याविषयीचं वाक्य पुष्कळदा असं निघतं, आणि मग ते घरी एकट्याला सांगायचं असतं.

या कागदात "सावत्र" हा शब्द नाही आणि "प्रेम" हाही नाही. पहिला का नाही, ते सांगायला नको. दुसरा मी मुद्दाम टाळते. सहा महिन्यांच्या ओळखीवर "माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे" म्हटलं की मुलाला वाटतं आपणही तसंच म्हणायला हवं, आणि तसं आतून वाटलं नाही तर ते गप्प होतं. जिन्याखालच्या जागेत ते सगळं आलेलं असतं.

आईनंही एक वाक्य बोलावं. नवरदेवाच्या मागोमाग, मुलाकडं बघून: "मी तुझी आई आहे तशीच राहणार." बाकी काही नको. दोघांनाही आधीची मुलं असतील तर प्रत्येकानं दुसऱ्याच्या मुलाला वेगळा कागद लिहावा. दोन मुलांना एकच मजकूर वाचून दाखवला की दोघांनाही तो आपला वाटत नाही.

भाषेविषयी एक गोष्ट, कारण आपल्या भागात ती येतेच. मूल घरात ज्या भाषेत रडतं त्या भाषेत वचन द्यावं. शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची असली तरी हेच. पण नवरदेवाकडचे किंवा मुलाच्या आजोळचे लोक कन्नड बोलणारे असतील तर शेवटी एक वाक्य त्यांच्या भाषेत घातलेलं चांगलं, "ना निन्न जोडी इर्तेनि", म्हणजे मी तुझ्याबरोबर असेन, एवढं साधं. सगळा मजकूर दोनदा, दोन भाषांत वाचू नका. दुसऱ्यांदा वाचताना मूल पाहुण्यांकडं बघायला लागतं.

आजी-आजोबांना आधी ऐकवणं

ही पायरी गाळलेली मी पाहिली आहे आणि त्याचा परिणामही पाहिला आहे. लग्नात पहिल्यांदाच ते शब्द ऐकून एक आजी मांडवातून उठून बाहेर गेल्या होत्या. शब्द वाईट नव्हते. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

गेलेल्या वडिलांचे आई-वडील असतील तर लग्नाच्या आठवडाभर आधी नवरदेवानं स्वतः त्यांच्या घरी जाऊन कागद वाचून दाखवावा. या लग्नात तो खानापूरला गेला. आजीनं काही म्हटलं नाही, आत जाऊन चहा ठेवला. आजोबांनी महिन्याच्या रविवारावर बोट ठेवलं. "पोराला नुसतं सोडून जाणार, का थांबणार बी?" तो म्हणाला, थांबणार, जेवणार आणि संध्याकाळी घेऊन जाणार. "मग तसं लिव्ह की." म्हणून वाक्य झालं, "दर महिन्याला एका रविवारी मी तुला आज्जी-आजोबांकडं नेईन, आपण तिथंच जेवू." हा बदल आम्हाला कुणाला सुचला नसता.

त्याच भेटीत दुसरी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यायची: हे दत्तकविधान नाही. आपल्याकडं मूल मांडीवर देणं-घेणं, ओटीत घालणं याचा अर्थ लोकांच्या मनात पक्का दत्तकाचा आहे, आणि हिंदू दत्तकाच्या १९५६ च्या कायद्यातही मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं हा दत्तकाचा आवश्यक भाग मानला आहे. म्हणून वचनाच्या वेळी आईनं मूल उचलून नवरदेवाच्या मांडीवर ठेवायचं, हे दृश्य कितीही गोड दिसलं तरी करू नका. नातू आपल्याकडून गेला, असा त्याचा अर्थ आजोबा लावतील. मुलानं स्वतःच्या पायावर उभं राहावं आणि नवरदेवानं त्याच्यासमोर गुडघ्यावर बसावं, म्हणजे डोळे एका उंचीवर येतात.

कायद्याचं तेवढ्यातच सांगते. मांडवातल्या या वचनानं कायद्यात काहीही बदलत नाही. हिंदू पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक कोण ते सांगताना सावत्र वडील आणि सावत्र आई यांना त्यातून स्पष्ट वगळलं आहे. म्हणजे मुलाच्या वतीनं पालक म्हणून सही आईचीच. पुढं दत्तक घ्यायचं ठरलं तर तो वेगळा, कागदोपत्री मार्ग आहे, त्यासाठी वकिलाकडं जावं. वचनात "आता तू कायद्यानं आमचा" अशा अर्थाचं काही येऊ देऊ नका.

वडील हयात असतील, घटस्फोट झाला असेल, तर कागद लिहिण्याआधी कोर्टाचा ताब्याचा आणि भेटीचा हुकूम काढून वाचा. मूल सुट्टीत वडिलांकडं जाणार असं त्यात असेल आणि वचनात "आता तू कायम आमच्याकडंच" आलं, तर मुलाला पहिल्याच मे महिन्यात तुमचं वचन मोडलेलं दिसेल. अशा ठिकाणी मी एवढंच लिहायला सांगते: "तुझे बाबा आहेत, ते तुझेच आहेत. मी तुझा काका." हयात वडिलांविषयी चांगलं-वाईट यापेक्षा जास्त काही बोलू नये.

विधीत जागा शोधणं

लोकांना पहिल्यांदा सुचते ती अक्षतांची वेळ, कारण तेव्हा सगळा गाव हॉलवर असतो. ती वेळ लहान मुलासाठी सगळ्यात वाईट. "शुभमंगल सावधान" झालं की वाजंत्री, फटाके, हार, फोटोवाले, सगळं एकदम सुरू होतं. स्टेजवर माणसांची रीघ लागते. त्या गोंगाटात सहा वर्षांचं मूल एकतर आईच्या शालूत तोंड घालतं किंवा रडतं.

माझा अनुभव सांगतो की योग्य जागा सप्तपदीची. आपल्याकडं अक्षता पडल्या की निम्म्याहून जास्त पाहुणे जेवणाच्या पंगतीकडं वळतात. होमाजवळ उरतात ती घरची माणसं, आणि मुलाला नेमकी तीच हवी असतात. दुसरं कारण विधीतच आहे. ऋग्वेदी पद्धतीत सात पावलांना सात मंत्र आहेत, पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, आणि पाचवं "प्रजाभ्यः पंचपदी भव" म्हणजे संततीसाठी. या घरात संतती आधीच उभी आहे. पाचव्या पावलावर तिच्याशी बोलायला कोणताही ओढूनताणून अर्थ लावावा लागत नाही.

तरी गुरुजींना आधी विचारायलाच हवं. सगळ्या शाखांत पाचव्या पावलाचा मंत्र हाच नसतो, आणि काही गुरुजींना सात पावलांच्या मध्ये थांबणं चालत नाही. त्यांचं म्हणणं मी मानते, कारण हिंदू विवाह कायद्यातही जिथं सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथं अग्नीसमोरचं सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. ते मध्ये तुटू नये असं एखाद्याला वाटलं तर वाद घालू नका, सातव्या पावलानंतर लगेच बोला. गुरुजींशी मी साधारण पंधरा दिवस आधी बोलते, कागद दाखवते आणि इतकंच सांगते, "मंत्रांत काही बदल नको, पाचव्या पावलावर एक मिनिट द्या." असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. ऐन वेळी माईक घेऊन मध्ये घुसलं तर कुणालाही राग येणारच.

तांदळाच्या सात ढिगांवर पावलं टाकायची असतील तर मुलाच्या हाताला एक काम देता येतं: पाचव्या ढिगावर सुपारी ठेवणं. हे छोटं काम मुलाला बोलण्यापासून वाचवतं, आणि तिथं येऊन उभं राहायला एक कारणही देतं. त्यानं ठेवली नाही तर आई ठेवते, कुणी "अरे ठेव ना" म्हणायचं नाही.

या लग्नात एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आईच्या लग्नात पोरानं थांबू नये, त्याला तेवढा वेळ शेजारच्या घरी ठेवा. जुन्या पाटाच्या लग्नांत असं ऐकलं आहे, आणि त्या मनापासून सांगत होत्या. मी त्यांना होमाजवळ माझ्या शेजारी बसवलं, मुलाला पाणी देण्याचं काम त्यांच्याकडं दिलं. त्या थांबल्या.

सांभाळणारं माणूस नेमणं

मुलासाठी एक माणूस ठरवा, ज्याला त्या दिवशी दुसरं कोणतंही काम नाही. इथं नेहमी होणारी चूक म्हणजे मामा. मुलाचा मामा म्हणजे नवरीचा भाऊ. त्याला लाह्या द्यायच्या असतात, कानपिळी करायची असते, नवरदेवाकडून मान घ्यायचा असतो. तो मोकळा नसतोच. मावशी किंवा आत्या ठरवावी. या लग्नात गेलेल्या वडिलांची बहीण, म्हणजे मुलाची आत्या, तयार झाली, आणि त्यामुळं आजी-आजोबांनाही बरं वाटलं.

आत्याला सांगायच्या गोष्टी थोड्याच. मुहूर्त साडेबाराचा असेल तर मुलाला साडेअकरालाच दहीभात किंवा उप्पीट भरवून घ्यायचं, त्याच्या जेवणाला पंगतीची वाट बघायची नाही. होमाच्या आधी लघवीला न्यायचं. फेटा किंवा शेरवानी टोचत असेल तर काढून टाकायची. होमाजवळ धूर जिकडं जात नाही त्या बाजूला उभं राहायचं. आणि मुलाच्या चेहऱ्याकडं बघत राहायचं: त्यानं उत्तरं देणं बंद केलं, आईचा पदर मुठीत धरला, नजर जमिनीकडं गेली, की समजायचं आता पुरे झालं. मग त्याला उचलून बाहेर न्यायचं, कुणाला विचारायचं नाही.

मुलाला तयार करणं म्हणजे तालीम नव्हे. तीन दिवस आधी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा, गोष्ट सांगावी तसं सांगा: आग असेल, आई सात पावलं टाकेल, पाचव्याला तू सुपारी ठेवशील, मग काका तुला काहीतरी सांगतील, तू ऐकायचं. मामा काकांचा कान पिळेल, ती गंमत असते, भांडण नसतं. हे शेवटचं विसरू नका. न सांगितलेल्या मुलांना मी कानपिळीला घाबरून रडताना पाहिलं आहे.

माईक नको. मुलाच्या तोंडासमोर तर नकोच, नवरदेवाच्याही नको. स्पीकरमधून येणारा आवाज त्याला ओळखीचा वाटत नाही. लांबच्या पाहुण्यांनाही ऐकवायचं असेल तर सूत्रसंचालकानं नंतर एका वाक्यात सांगावं की वरानं मुलाला वचन दिलं. व्हिडिओवाल्याला आदल्या दिवशीच बजावा: एकाच कोपऱ्यातून घ्या, लाईट मुलाच्या डोळ्यांत नको, आणि "परत एकदा बोला" हे म्हणायचं नाही. ते ते म्हणतातच, म्हणून आधी बजावायचं.

त्या दिवशी काय झालं

गुरुजी पाचव्या पावलाला थांबले. मुलानं सुपारी ठेवली, पण ढिगाच्या बाजूला, आणि ती घरंगळत गेली. आत्या उचलायला वाकली, मी तिला खूण करून थांबवलं. नवरदेव गुडघ्यावर बसला आणि बोलू लागला. सायकलीच्या वाक्याला मुलानं मान वर केली. फोटोच्या वाक्याला त्यानं मागं वळून आजोबांकडं पाहिलं. आजोबांनी मान डोलावली. रविवारच्या वाक्यानंतर होमातलं लाकूड तडतडलं, तो दचकला आणि आत्याच्या कमरेला बिलगला.

तिथं नवरदेवाच्या हातात कागदाची चार वाक्यं उरली होती. ती पुरी करायची घाई त्याला झाली नाही, ही त्या दिवशीची सगळ्यात चांगली गोष्ट. आम्ही आधीच ठरवलं होतं: मूल वळलं की थांबायचं आणि शेवटचं वाक्य तेवढं बोलायचं. तो म्हणाला, "हे मी बोललोय, मी पाळायचं." आई म्हणाली, "मी तुझी आई आहे तशीच राहणार." गुरुजींनी सहावा मंत्र सुरू केला. आत्या मुलाला घेऊन पंगतीकडं गेली आणि त्यानं दोन जिलब्या खाल्ल्या.

राहिलेली वाक्यं त्याच रात्री वडगावच्या घरी झाली. हात न उगारण्याचं वाक्य नवरदेवानं मुलाला जिन्यावर बसून सांगितलं, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. वाक्य अर्धं राहिलं, किंवा मूल होमाजवळ आलंच नाही, तर विधी फसला असं समजू नका. कागद खिशात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत, मूल शांत असेल तेव्हा, उरलेलं सांगा. मुलाला मात्र "तू आला नाहीस म्हणून" असं म्हणायचं नाही.

वचनातली निदान एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच डोळ्यांना दिसली पाहिजे. म्हणून सायकल आम्ही लग्नाआधीच खानापूरहून आणून जिन्याखाली ठेवायला सांगितली होती. आदल्या दिवशी तिथं ठेवलेल्या दोन पाण्याच्या कॅन आणि जुना कूलर नवरदेवाच्या आईनं हलवला होता. पूजेच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी कुणीतरी त्याच जागेत चपलांचं खोकं ठेवलं. मुलानं ते बघितलं, काही बोलला नाही, आणि नवरदेव कामावरून येईपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. नवरदेवानं आल्या आल्या खोकं उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवलं. मग मुलगा सायकल काढून गल्लीत गेला.